घर सासऱ्यांचे, निवारा सुनेचा : ‘सामायिक घर’ या हक्काची व्याप्ती आणि सीमा

नवी दिल्ली : घराचे खरेदीखत सासऱ्यांच्या नावावर आहे, मालमत्ता कराची पावतीही त्यांच्याच नावाची आहे आणि त्या घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या सुनेचे नाव मात्र कोणत्याही मालकीच्या कागदावर नाही. पती-पत्नीत बेबनाव होतो. पती घराबाहेर पडतो किंवा घरातल्या घरात वेगळा राहू लागतो. काही काळाने सुनेच्या हाती वकिलाची नोटीस पडते. हे घर आमच्या स्वकष्टार्जित मालकीचे आहे, तुम्ही येथे आमच्या परवानगीने राहत होता, ती परवानगी आता आम्ही काढून घेतली आहे, तेव्हा घर रिकामे करावे, असा तिचा आशय असतो.

या नोटिशीला कायद्याचे उत्तर काय, याविषयी समाजात दोन टोकांचे समज आहेत. पतीच्या नावावर काही नसेल तर सासरच्या घरावर सुनेचा कसलाच हक्क नाही, हा एक समज. सून म्हणून घरात पाऊल ठेवले की त्या घरात तिचा वाटा निर्माण होतो, हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा सुनेला घराची मालकी देत नाही, तर निवास देतो. योग्य न्यायिक प्रक्रियेविना तिला उंबऱ्याबाहेर काढता येणार नाही, एवढेच आश्वासन त्यात आहे. मात्र ते आश्वासन सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही लागू पडते, हे निर्विवादपणे प्रस्थापित होण्यास 14 वर्षे लागली. त्या निवासाला सीमा आहेत, हेही त्याच निकालाने सांगितले.

कायद्याची रचना

हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 रोजी अमलात आला. तो सर्वधर्मीय महिलांना लागू आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी ‘सामायिक घर’ ही संकल्पना आहे. इंग्रजी कायद्यात ‘शेअर्ड हाउसहोल्ड’ असा शब्द आहे. कलम 2 मधील व्याख्येनुसार, पीडित महिला कौटुंबिक नातेसंबंधात ज्या घरात राहते किंवा कोणत्याही टप्प्यावर राहिली आहे, ते सामायिक घर होय. त्या घरात ती एकटी राहिली असेल किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या प्रतिवादीसोबत राहिली असेल, याने फरक पडत नाही. व्याख्येच्या पुढील भागात दोघांच्या किंवा दोघांपैकी एकाच्या मालकीचे घर, भाड्याचे घर आणि प्रतिवादी ज्या एकत्र कुटुंबाचा सदस्य आहे त्या कुटुंबाचे घर यांचा समावेश केला आहे.

कलम 17 या व्याख्येला हक्काचे रूप देते. कौटुंबिक नातेसंबंधात असलेल्या प्रत्येक महिलेला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे आणि घरावर तिचा मालकी हक्क किंवा हितसंबंध असो वा नसो, त्याने या हक्काला बाध येत नाही. याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की, कायद्याने ठरवून दिलेल्या प्रक्रियेखेरीज प्रतिवादी तिला त्या घरातून किंवा घराच्या भागातून काढू शकणार नाही.

कलम 19 मध्ये दंडाधिकारी कोणते निवास आदेश देऊ शकतात, त्यांची यादी आहे. महिलेचा ताबा काढून घेण्यास किंवा त्यात अडथळा आणण्यास मनाई करता येते. घर विकण्यास किंवा त्यावर बोजा निर्माण करण्यास प्रतिबंध करता येतो. प्रतिवादीला घराबाहेर राहण्यास सांगता येते, मात्र असा आदेश कोणत्याही महिलेविरुद्ध देता येत नाही. म्हणजे सून सासूला तिच्याच घरातून बाहेर काढण्याचा आदेश मिळवू शकत नाही. शेवटचा पर्याय पर्यायी निवासाचा आहे. सामायिक घरात महिलेला जो दर्जा लाभला होता, त्याच दर्जाचे दुसरे घर मिळवून देण्याचा किंवा त्याचे भाडे भरण्याचा आदेश देता येतो. ही शेवटची तरतूद पुढील सर्व वादाचा कणा ठरली.

बत्रा निकाल आणि अरुंद झालेले दार

कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच 15 डिसेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने बत्रा खटल्यात निकाल दिला. दिल्लीतील अशोक विहारमधील घर सासूच्या मालकीचे होते. पतीने घटस्फोटाचा अर्ज केला होता आणि तो स्वतः गाझियाबादमधील सदनिकेत राहायला गेला होता. सून काही काळ माहेरी राहून परतली, तेव्हा तिला दाराला कुलूप दिसले. प्रवेश मिळावा म्हणून तिने दावा दाखल केला. उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

न्यायालयाने सामायिक घराचा अर्थ तीन प्रकारांपुरता मर्यादित केला. पतीच्या मालकीचे घर, पतीने भाड्याने घेतलेले घर आणि पती सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचे घर, एवढेच सामायिक घर ठरत होते. सासूच्या एकटीच्या मालकीचे घर यांपैकी कशातही बसत नव्हते. या अर्थामागे एक व्यावहारिक भीती होती. महिला कधीकाळी राहिली असे प्रत्येक घर सामायिक मानले, तर पतीसोबत ती आजेसासरे, मामेसासरे, दीर, नणंद अशा ज्या ज्या नातलगांकडे राहिली, त्या सर्वांच्या घरांवर ती हक्क सांगेल आणि गोंधळ माजेल, असे न्यायालयाला वाटले. पर्यायी निवासाची मागणीही केवळ पतीकडे करता येईल, सासू-सासऱ्यांकडे नाही, असेही या निकालात म्हटले होते.

या भीतीत तथ्य होते, परंतु त्यावर काढलेल्या उपायाने कायद्याचा हेतूच निसटला. भारतीय कुटुंबात तरुण दांपत्याचे पहिले घर बहुधा मुलाच्या आईवडिलांचे असते. शहरात तर मुलाच्या नावावर घर होण्यास विवाहानंतर दहा-पंधरा वर्षे लागतात. अशा घरांना व्याख्येबाहेर ठेवल्यावर कायद्याचे संरक्षण जिथे सर्वाधिक हवे, तिथेच ते मिळेनासे झाले. घर आईवडिलांच्या नावावर असणे किंवा ऐन वेळी त्यांच्या नावावर केले जाणे, हे सुनेला बाहेर काढण्याचे सोपे साधन बनले.

या काळात एका वेगळ्या अंगाने कायद्याची व्याप्ती वाढत होती. सासू किंवा नणंद यांच्याविरुद्ध या कायद्याखाली अर्ज करता येतो का, हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातील एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. उच्च न्यायालयाने सासू आणि नणंदेची नावे वगळून सुनेला घर सोडण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो आदेश फिरवला आणि पतीच्या स्त्री नातलगांविरुद्धही पत्नीला अर्ज करता येतो, असे स्पष्ट केले. पुढे 2016 मध्ये ‘हरसोरा’ निकालात ‘प्रतिवादी’च्या व्याख्येतील ‘प्रौढ पुरुष’ हे शब्दच घटनाबाह्य ठरवण्यात आले. तरीही घराच्या मालकीचा अडसर कायम राहिला.

न्यू फ्रेंड्स कॉलनीतील घर

हा अडसर 15 ऑक्टोबर 2020 रोजी आहुजा निकालाने दूर केला. सासरच्या घरातील निवासाचा वाद कोणत्या पायऱ्यांनी पुढे जातो आणि कनिष्ठ न्यायालयात नेमकी कुठे चूक होते, हे या खटल्यात स्पष्ट दिसते. म्हणून त्यातील घटनाक्रम समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दिल्लीच्या न्यू फ्रेंड्स कॉलनीतील हे घर सासऱ्यांनी 1983 मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने घेतले होते. मुलाचा विवाह 1995 मध्ये झाला आणि दांपत्य पहिल्या मजल्यावर राहू लागले. पुढे मतभेद वाढले. जुलै 2004 मध्ये मुलगा पहिला मजला सोडून तळमजल्यावरील पाहुण्यांच्या खोलीत राहू लागला. सून मुलांसह वरच राहिली. मुलाने 2014 मध्ये घटस्फोटासाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी सुनेने कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. नोव्हेंबर 2016 मध्ये दंडाधिकाऱ्यांनी अंतरिम आदेश दिला. सक्षम न्यायालयाच्या आदेशाविना सुनेला व मुलांना घरातून काढू नये आणि घराचे हस्तांतरण करू नये, असे त्यात म्हटले होते.

त्यानंतर सासऱ्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. घर आपले आहे, सून केवळ परवानगीने राहते आणि ती परवानगी आता संपली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या दाव्यात त्यांनी मुलाला पक्षकार केले नव्हते. सुनावणीत घर सासऱ्यांच्या नावावर असल्याचे समोर येताच, दिवाणी प्रक्रिया संहितेतील कबुलीवर आधारित हुकूमनाम्याच्या तरतुदीचा आधार घेऊन न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये दावा मंजूर केला. साक्षीपुरावा झालाच नाही. घराची मालकी सासऱ्यांची आहे हे मान्य झाले की वाद संपला, असा बत्रा निकालावर आधारलेला हा सरळ हिशेब होता.

दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये तो हुकूमनामा रद्द केला आणि दावा पुन्हा चालवण्यास पाठवला. मुलाला पक्षकार करावे, सुनेचा निवासाचा हक्क आणि पर्यायी निवासाचा प्रश्न तपासावा, असे उच्च न्यायालयाने सांगितले. सासरे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शाह यांच्या त्रिसदस्यीय खंडपीठाने उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला आणि बत्रा निकालातील व्याख्येचा अर्थ बरोबर नसल्याचे जाहीर केले.

खंडपीठाचा युक्तिवाद व्याख्येच्या शब्दांवर उभा आहे. व्याख्येचा पहिला भाग महिला जिथे राहते किंवा राहिली आहे त्या घराविषयी आहे. मालकी, भाडे आणि एकत्र कुटुंब यांचा उल्लेख त्यानंतर ‘समावेश होतो’ अशा शब्दांत येतो. हा समावेश व्याख्या रुंद करण्यासाठी आहे, तिला बांध घालण्यासाठी नाही. शिवाय पतीच्या नातलगांविरुद्ध अर्ज करता येतो, असे कायदाच सांगतो. तेव्हा त्या नातलगाच्या मालकीचे आणि महिला ज्यात त्याच्यासोबत राहिली आहे असे घर व्याख्येबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही.

बत्रा निकालातील भीतीलाही खंडपीठाने उत्तर दिले. महिला कधीतरी चार दिवस राहिली म्हणून प्रत्येक नातलगाचे घर सामायिक ठरत नाही. तिथल्या वास्तव्याला काही स्थैर्य असले पाहिजे. पक्षकारांचा हेतू काय होता आणि घरातील राहणीचे स्वरूप कसे होते, हे पाहून न्यायालयाने ठरवायचे आहे. सुटीत पाहुणी म्हणून गेलेली सून आणि नांदायला आलेली सून यांतील भेद नेमका हाच आहे.

हक्काच्या सीमा

आहुजा निकाल सुनांचा सरसकट विजय म्हणून वाचला गेला, परंतु निकालाचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. निवासाचा हक्क अबाधित किंवा कधीच हिरावता न येणारा नाही, विशेषतः समोर वृद्ध सासू-सासरे असतील तेव्हा, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःच्या घरात शांतपणे राहण्याचा त्यांचाही हक्क आहे. म्हणून निवास आदेश देताना दोन्ही बाजूंच्या हक्कांचा तोल साधला पाहिजे.

दुसरी सीमा प्रक्रियेची आहे. ‘कायद्याने ठरवून दिलेल्या प्रक्रियेखेरीज’ या शब्दांचा अर्थ असा की, प्रक्रिया पाळून सुनेला घर सोडायला लावता येते. सासरे मालक या नात्याने दिवाणी दावा लावू शकतात आणि पुराव्याअंती ताब्याचा हुकूमनामाही मिळवू शकतात. त्यांना कुलूप लावता येणार नाही, वीज-पाणी तोडता येणार नाही, सामान रस्त्यावर टाकता येणार नाही. दंडाधिकाऱ्यांचा अंतरिम आदेश असला तरी दिवाणी न्यायालयाचे दार त्यांना बंद होत नाही. तो आदेश प्रथमदर्शनी पुराव्यावर दिलेला असतो आणि दिवाणी दाव्यात अंतिम मानला जात नाही.

तिसरी सीमा पुराव्याची आहे. सासऱ्यांना ‘प्रतिवादी’ म्हणायचे तर त्यांच्याकडून कौटुंबिक हिंसाचार घडल्याचे दाखवावे लागते. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही कायद्याच्या कक्षेत येतो आणि हक्काच्या घरात राहण्यास मज्जाव करणे हा आर्थिक छळाचाच प्रकार आहे. तरीही सर्व तक्रार पतीविषयी आणि घराची मागणी मात्र सासऱ्यांकडे, अशा अर्जाचा पाया कच्चा राहतो. खंडपीठाने कबुलीवरचा हुकूमनामा नाकारला, तो याच कारणाने. कोणी छळ केला, घर सामायिक आहे का, पर्यायी निवास कोणी द्यायचा, हे प्रश्न पुराव्याविना सुटणारे नाहीत.

या संदर्भात पतीचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. सासऱ्यांनी मुलाला दाव्याबाहेर ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला अत्यावश्यक नव्हे, पण योग्य पक्षकार मानले. यामागचे कारण सोपे आहे. सासऱ्यांना त्यांचे घर परत मिळावे आणि सुनेवर उघड्यावर येण्याची वेळही येऊ नये, असा तोल साधायचा तर पर्यायी निवासाचा भार कोणाच्या तरी खांद्यावर द्यावा लागतो. तो प्रथम पतीच्या खांद्यावर येतो. पती न्यायालयासमोरच नसेल, तर तसा आदेश कोणाला द्यायचा, हा पेच उभा राहतो.

ज्येष्ठांच्या कायद्याशी गाठ

दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. म्हणून अनेक सासू-सासरे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 या कायद्याकडे वळले. यातील न्यायाधिकरणाचे प्रमुख उपविभागीय अधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचे असतात. तेथील चौकशी संक्षिप्त असते. मूळ हेतू मुलांनी टाकून दिलेल्या आईवडिलांना निर्वाह खर्च मिळवून देण्याचा होता. मात्र घर रिकामे करून मागणाऱ्या अर्जांसाठीही हा मार्ग वापरला जाऊ लागला.

बेंगळूरुतील एका प्रकरणात या दोन कायद्यांची थेट टक्कर झाली. पतीने 2002 मध्ये विवाहाच्या काही महिने आधी जागा खरेदी केली. 2006 मध्ये ती त्याने वडिलांना विकली. घटस्फोटाचा वाद सुरू झाल्यानंतर, 2010 मध्ये, वडिलांनी ती पत्नीला, म्हणजे सुनेच्या सासूला, बक्षीसपत्राने दिली. त्यानंतर सासू-सासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज केला आणि सुनेला घर सोडण्याचा आदेश मिळवला. उपायुक्त आणि कर्नाटक उच्च न्यायालय यांनीही तो कायम ठेवला. ज्येष्ठांचा कायदा इतर कायद्यांवर वरचढ ठरतो, या त्यातील कलम 3 चा आधार त्यासाठी घेतला गेला.

एस. वनिता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2020 रोजी, बत्रा निकालाला बरोबर 14 वर्षे पूर्ण होत असताना, तो आदेश रद्द केला. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. इंदिरा बॅनर्जी यांच्या खंडपीठाने म्हटले की, दोन्ही कायदे दुर्बल घटकांसाठी आहेत. एकाचा वापर दुसऱ्याने दिलेले संरक्षण निष्प्रभ करण्यासाठी होऊ शकत नाही. ज्येष्ठांच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तेथे न्यायाधिकरण घर रिकामे करण्याचा आदेश देऊ शकते, परंतु सुनेच्या निवास हक्काचा विचार केल्यानंतरच. सुनेला 2005 च्या कायद्याखाली दाद मागता यावी म्हणून वर्षभर तिचा ताबा बळाने काढू नये आणि घरात त्रयस्थाचे हितसंबंध निर्माण करू नयेत, असा आदेश न्यायालयाने दिला.

या प्रकरणातील तारखांचा क्रम बोलका आहे. मालकी पतीकडून वडिलांकडे आणि त्यांच्याकडून आईकडे गेली, पण घरात राहणारी माणसे तीच राहिली. मालकीचे असे प्रवास अनेक खटल्यांत आढळतात. कधी वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन मुलाशी संबंध तोडल्याचे सांगितले जाते आणि तोच मुलगा आईवडिलांच्या घरी येत-जात असतो. हस्तांतरण वादाच्या आधीचे की नंतरचे, त्यात खरोखर मोबदला दिला गेला का, मुलालाही घर सोडण्यास सांगितले आहे की केवळ सुनेलाच, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ज्येष्ठांची खरी अडचण आणि रचलेला डाव यांतील फरक बहुधा कळून येतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सासू-सासऱ्यांना सुनेकडून छळ सोसावा लागत असेल, मुलगा दुसऱ्या शहरात निघून गेला असेल आणि आजारपणात त्यांना स्वतःच्याच घरात एका खोलीत कोंडून घ्यावे लागत असेल, तर त्यांना ‘प्रक्रिया होऊ द्या’ असे सांगणे क्रूरपणाचे ठरते. अशा प्रकरणात दर्जेदार पर्यायी निवास देऊन घर मोकळे करून देणे, हाच कायद्याशी सुसंगत मार्ग आहे.

न राहिलेल्या घरातला हक्क

विवाहानंतर अल्पावधीतच पतीचे अपघाती निधन झालेल्या उत्तराखंडमधील एका महिलेच्या प्रकरणात, 12 मे 2022 रोजी, न्या. शाह आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने या हक्काची आणखी एक बाजू उघड केली. प्रभा त्यागी निकाल म्हणून तो ओळखला जातो. महिलेचे घरात प्रत्यक्ष वास्तव्य असलेच पाहिजे, अशी अट नाही. विवाहाने तिला त्या घरात राहण्याचा हक्क मिळाला होता, पण तिला प्रवेशच दिला गेला नाही, असे असेल तर तो हक्क नष्ट होत नाही. अर्ज करते वेळी ती घराबाहेर आहे, या कारणाने तिला परत पाठवता येत नाही. त्याचबरोबर, संरक्षण अधिकाऱ्याचा कौटुंबिक घटना अहवाल नसला तरी दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, असेही न्यायालयाने सांगितले.

विधवा सुनांसाठी या निकालाचे मोल मोठे आहे. पती हयात नाही, म्हणजे आता नाते संपले, असे सांगून माहेरी पाठवल्या जाणाऱ्या तरुण विधवेला हा निकाल आधार देतो. घटस्फोटानंतरची स्थिती मात्र वेगळी आहे. कलम 17 चा हक्क कौटुंबिक नातेसंबंधाशी जोडलेला असल्याने, हुकूमनाम्यानंतर सासू-सासऱ्यांच्या घरात राहण्याच्या मागणीचा पाया क्षीण होतो आणि भर पूर्वपतीकडील निर्वाह खर्चावर येतो. म्हणूनच घटस्फोटाच्या तडजोडीत निवासाची सोय स्वतंत्रपणे लिहून घेणे महत्त्वाचे ठरते.

कागद आणि वेळ

प्रत्यक्षात अशा प्रकरणांचा निकाल कायद्याच्या अर्थापेक्षा बहुधा दोन साध्या गोष्टींवर ठरतो. पहिली गोष्ट वास्तव्याचा पुरावा. मालकीचे कागद सासऱ्यांकडे असतात, पण राहण्याचे कागद सुनेकडे असू शकतात. शिधापत्रिका, आधारपत्र, मुलांच्या शाळेतील पत्त्याची नोंद, गॅस जोडणीची पुस्तिका, बँकेचे पासबुक, मतदार यादी यांतून स्थैर्याचा तो धागा जुळतो. घराबाहेर काढल्या गेलेल्या सुनेचे हे कागद बहुधा आत राहून जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. कलम 12 खालील अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती सहसा पूर्ण होत नाही. म्हणून कलम 23 खालील अंतरिम आदेशाला महत्त्व येते. सून घरात असताना ताबा राखण्याचा आदेश मिळवणे आणि घराबाहेर पडल्यावर प्रवेशाचा आदेश मिळवणे, यांत व्यवहारात मोठे अंतर आहे. पहिल्या आदेशाने परिस्थिती आहे तशी राहते, दुसऱ्याने ती उलटवावी लागते. दिवाणी दावा आधीच सुरू असेल, तर कलम 26 नुसार निवासाची मागणी त्याच न्यायालयात करता येते. या तरतुदीचा वापर होत नाही, तेव्हा एकाच घराविषयी दंडाधिकारी, दिवाणी न्यायालय आणि ज्येष्ठांचे न्यायाधिकरण अशा तीन ठिकाणी परस्परविरोधी आदेश निघण्याचा धोका असतो.

या साऱ्या निकालांचा सांगावा एका रेषेत मांडता येतो. घर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर खरेदीखतात मिळते. त्या घरातून कोणाला, कसे आणि कोणत्या बदल्यात बाहेर काढता येईल, याचे उत्तर खरेदीखतात नसते. त्यासाठी न्यायालयाला कुटुंबाचा इतिहास, हस्तांतरणाच्या तारखा, वृद्धांची प्रकृती आणि सुनेसमोरचे पर्याय हे सारे पाहावे लागते. पर्यायी निवासाचा आदेश वेळेत आणि सक्तीने अमलात आला, तर सासू-सासरे आणि सून यांच्यातील अनेक खटल्यांची गरजच उरणार नाही. तो आदेश कागदावर राहतो, तोवर पती बाहेर पडलेला असतो आणि त्याच्या जबाबदारीची किंमत एका छपराखालची दोन दुर्बल माणसे एकमेकांशी भांडून चुकवत राहतात.